‘फलाट क्रमांक दोन ऐवजी चार’: एका रेल्वे उद्घोषणेच्या फेरलेखनाचं प्रकरण

(स्टेशन, गाडीचा क्रमांक आणि काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. उद्घोषणेची वाक्यरचना मूळचीच आहे.)

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातलं मध्यम आकाराचं एक जंक्शन. पाच फलाट आहेत. एक नंबर मुख्य इमारतीला लागून. दोन आणि तीन एकाच बेटावर पाठीला पाठ लावून. चार आणि पाच त्यापलीकडच्या बेटावर. तिन्ही ठिकाणं जोडणारा एकच पादचारी पूल. सगळ्या फलाटांवर पत्र्याचं छत आणि छताखाली ठरावीक अंतरावर टांगलेले भोंगे.

उद्घोषणा संगणकावरून होते. आधी रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे एकामागोमाग लावून वाक्य तयार होतं. ‘गाडी क्रमांक’ हा एक तुकडा, प्रत्येक आकड्याचा एक, प्रत्येक स्टेशनच्या नावाचा एक, ‘हून’ एक, ‘मार्गे’ एक. उद्घोषक पडद्यावर गाडी निवडतो, फलाट आणि उशीर भरतो, बटण दाबतो. बाकीचं यंत्र जुळवतं. उद्घोषणा आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि लगेच तिन्ही भाषांत पुन्हा एकदा.

या प्रकरणात फक्त एकच उद्घोषणा हाताळली आहे: फलाट बदलल्याची. नेहमीच्या ‘गाडी येत आहे’ या घोषणेत एखादा शब्द निसटला तरी बिघडत नाही, कारण गाडी डोळ्यासमोर येऊन उभी राहते. फलाट बदलल्याची घोषणा निसटली तर माणूस चुकीच्या जागी उभा राहतो, गाडी समोरच्या बेटावर दिसते आणि मग तो पुलाकडे धावत सुटतो. काही जण तर सरळ रुळांवर उतरतात.

अडचण

जुना मजकूर असा होता:

> प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी क्रमांक एक एक नऊ नऊ आठ, पुणे हून दौंड, मनमाड, भुसावळ मार्गे नागपूर कडे जाणारी एक्स्प्रेस आपल्या निर्धारित वेळेपेक्षा शून्य तास पस्तीस मिनिटे उशिराने धावत असून ती फलाट क्रमांक दोन ऐवजी फलाट क्रमांक चार वर येण्याची शक्यता आहे. प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

कागदावर यात चूक काढणं अवघड आहे. माहिती पूर्ण आहे, सूर नम्र आहे. पण हा मजकूर वाचायला साधारण अर्धा मिनिट लागतो आणि ‘फलाट क्रमांक चार’ कानावर पडेपर्यंत वीसहून अधिक सेकंद गेलेले असतात. तिन्ही भाषांचा एक फेरा दीड मिनिटाचा. गाडी दहा मिनिटांवर असताना एवढा वेळ परवडत नाही.

तक्रार मात्र वेगळ्याच शब्दांत येत होती. प्रवासी म्हणायचे, ‘काही कळत नाही, आवाज वाढवा.’ त्यामुळे पहिला संशय भोंग्यांवर गेला. भोंगे तपासले, ते नीट होते. खरी मेख सापडली ती फलाटावर उभं राहून, मजकूर हातात न घेता ऐकल्यावर. तीन ठिकाणी अर्थ हातातून सुटत होता.

पहिलं ठिकाण ‘ऐवजी’. मराठीत हा शब्द ज्या गोष्टीला बाद करतो तिच्या नंतर येतो. म्हणजे ‘फलाट क्रमांक दोन’ हे शब्द आधी स्पष्टपणे ऐकू येतात आणि दोन नंबर आता नाही, हे त्यानंतर कळतं. दोनवर उभा असलेला माणूस ‘दोन’ ऐकून निश्चिंत होतो आणि बाजूच्याशी बोलायला लागतो. शिवाय छताखालच्या घुमण्यात ‘ऐवजी’ हा गुळगुळीत शब्द सहज विरघळतो. मग उरतात दोन आकडे, आणि जुना कुठला, नवा कुठला, याचा पत्ता नाही.

दुसरं ठिकाण वाक्याची शेपटी. क्रियापद शेवटी येणं ही मराठीची घडणच आहे, त्याला इलाज नाही. पण इथे गाडीच्या क्रमांकापासून ‘शक्यता आहे’पर्यंत सगळं एकच वाक्य होतं. ऐकणाऱ्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागायचं आणि शेवटी हाती काय लागायचं, तर ‘शक्यता’. येणार की नाही येणार? निर्णय झालेला असताना शक्यतेची भाषा आली की माणूस जागचा हलत नाही. तो पुढच्या घोषणेची वाट बघतो.

तिसरं ठिकाण जोड. ‘पुणे’ आणि ‘हून’ वेगवेगळे रेकॉर्ड केलेले, त्यामुळे कानावर येतं ‘पुणे… हून’. कुठलाही मराठी माणूस ‘पुण्याहून’ म्हणतो. ‘चार… वर’ हीसुद्धा तीच गत. ‘शून्य तास’ तर कुणीच म्हणत नाही. ती रकाना रिकामा ठेवता येत नसल्याची खूण आहे. या जोडांनी हसू येतं एवढंच नाही. कान ओळखीच्या आकाराची वाट बघत असतो. ‘पुण्याहून’ गोंगाटात अर्धवट ऐकू आलं तरी ओळखता येतं, ‘पुणे हून’ पूर्ण ऐकू येऊनही क्षणभर अडकवतं. तेवढ्यात पुढचे दोन शब्द निघून जातात.

समोर असलेले पर्याय

*आवाज वाढवणं.* सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लोकप्रिय पर्याय. तो बाजूला ठेवला, कारण पत्र्याखाली आवाज वाढवला की प्रतिध्वनीही तेवढाच वाढतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर लांबच्या भोंग्याचा आवाज जवळच्या भोंग्यापेक्षा दशांश सेकंद उशिरा पोचतो आणि पुढच्या अक्षरावर चढतो. भोंगे जितके जोरात, तितका लांबचा भोंगाही जास्त ऐकू येणार. सावकाश बोलणं आणि वाक्यांमध्ये थोडी शांतता सोडणं, हा यावरचा स्वस्त उपाय आहे. पण त्यासाठी आधी मजकूर छोटा व्हायला हवा.

*माणसानं माइकवर बोलणं.* जिवंत आवाजात काळजी, आपुलकी सगळं येतं. अडचण अशी की घाईही येते. फलाट बदलतो तेव्हा उद्घोषकाचे दोन्ही फोन वाजत असतात. अशा वेळी माणूस भरभर बोलतो, माइक तोंडाशी धरतो आणि प, फ, ब या अक्षरांचे फुत्कार ऐकू येतात. ‘फलाट’ हा शब्दच फ ने सुरू होतो. शिवाय पाळी बदलली की शब्द बदलणार. हा पर्याय आणीबाणीसाठी राखून ठेवला: तोच मजकूर छापून माइकपाशी लावला, माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरायचा, एवढीच सूचना.

*फक्त जुन्या फलाटावर वेगळी घोषणा.* प्रत्येक बेटाचे भोंगे वेगळे चालू-बंद करता येत होते. म्हणून एक सूचना अशी आली की दोन नंबरवरच सांगावं, ‘ही गाडी इथे येणार नाही, चारवर जा.’ ऐकायला अगदी माणसासारखं. पण ‘इथे’ या शब्दाची सगळी मदार उद्घोषकानं योग्य बटण दाबण्यावर होती. चुकून सगळे भोंगे चालू राहिले, तर चार नंबरवर उभ्या असलेल्यांनाही ‘इथे येणार नाही’ ऐकू जाणार. एका विसरलेल्या बटणामुळे खोटी ठरणारी घोषणा नको, असं ठरलं. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा नकार म्हणायला हरकत नाही, कारण बैठकीत सगळ्यांना आवडलेलं वाक्य हेच होतं.

*मित्रत्वाचा सूर.* ‘नमस्कार मंडळी’, ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ अशी वाक्यं सुचवली गेली. फलाट बदलला असताना ही वाक्यं ऐकणाऱ्याचा वेळ खातात. पुलाकडे निघालेल्या, हातात बॅगा असलेल्या माणसाला आपुलकी जाणवते ती दोनच गोष्टींतून: मला अजून किती वेळ आहे आणि मी कुठून जायचं. सूर मऊ करण्यासाठी दोन छोटे बदल पुरले. ‘लक्ष द्यावे’चं ‘लक्ष द्या’ केलं, आणि ‘असुविधा’ या हिंदीतून आलेल्या शब्दाच्या जागी नेहमीचा ‘गैरसोय’ ठेवला. नंतर ते दिलगिरीचं वाक्यच या घोषणेतून काढून उशिराच्या घोषणेत नेलं.

काय केलं

आधी दोन बातम्या वेगळ्या केल्या. गाडी पस्तीस मिनिटं उशिरा आहे ही जुनी बातमी. ती आधीच सांगून झालेली असते. फलाट बदलला ही नवी. एका घोषणेत एकच बातमी, हा नियम झाल्यावर मजकूर आपोआप अर्ध्यावर आला.

मग जुन्या फलाटाचा उल्लेख करायचा का, यावर बराच खल झाला. उल्लेख करण्याच्या बाजूचं म्हणणं असं की दोन नंबरवरच्या माणसाला ‘दोन’ हा शब्द ऐकूनच जाग येते. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं की मराठीत नकार शेवटी येतो. ‘गाडी दोनवर येणार नाही’ या वाक्यातलं ‘नाही’ नेमकं समोरून मालगाडी जाताना बुडालं, तर उरतं ‘गाडी दोनवर येणार’. अर्थ नुसता हरवत नाही, उलटा होतो. जो शब्द बुडाल्यावर वाक्य उलटं होतं त्यावर अवलंबून राहायचं नाही, असा निर्णय झाला आणि जुना आकडा पूर्ण काढला.

पण मग फलाट *बदलला* आहे हे कळणार कसं? पहिल्या मसुद्यात फक्त ‘फलाट क्रमांक चारवर येईल’ असं होतं. ते ऐकवल्यावर काहींना वाटलं की घोषणा करणाऱ्याचीच चूक झाली, कारण त्यांच्या डोक्यात दोन पक्का होता. म्हणून सुरुवातीलाच तीन शब्दांचं स्वतंत्र वाक्य घातलं: ‘फलाट बदलला आहे.’ यात आकडा नाही, नकार नाही, आणि अर्धं ऐकू आलं तरी ‘बदलला’ पुरेसं आहे. याची किंमत अशी की पाचही फलाटांवरचे लोक एकदम कान टवकारतात. ती मोजायची ठरवली, कारण पुढच्याच श्वासात गाडीचं नाव येतं आणि ज्यांची गाडी वेगळी आहे ते सुटकेचा नि:श्वास टाकतात.

गाडीची ओळख कशी सांगायची? जुन्या मजकुरात क्रमांक आधी होता. रेल्वेत डिसेंबर २०१० पासून क्रमांक पाच आकडी झाले आणि ते एकेक आकडा सुटा करून वाचले जातात. फलाटावर उभा असलेला माणूस आपला क्रमांक पाठ करून उभा नसतो. तो ‘नागपूर’ या शब्दाची वाट बघत असतो. म्हणून नाव आधी, क्रमांक नंतर. क्रमांक काढूनच टाकावा का, हाही विचार झाला. पण या जंक्शनवर संध्याकाळी नागपूरला जाणाऱ्या दोन गाड्या थोड्याच अंतरानं येतात, एक पुण्याहून आणि एक मुंबईहून. शंका आली की लोक तिकीट काढून क्रमांक ताडून बघतात. क्रमांक ठेवला, ‘पुण्याहून’ ठेवलं, मधल्या स्टेशनांची यादी काढली. क्रमांक वाचताना दोन आणि तीन असे गट पाडले: ‘एक एक, नऊ नऊ आठ’. मधला छोटा विराम नसेल तर ‘नऊ’ एकदा ऐकू आला की दोनदा, हे घुमण्यात सांगता येत नाही.

वेळेचा प्रश्न थोडा खोल निघाला. ‘गाडी पंधरा मिनिटांत येईल’ हे बोलायला सहज आहे, पण तीच घोषणा चार मिनिटांनी पुन्हा वाजली की खोटी ठरते. घड्याळातली वेळ सांगितली तर ती परत वाजवली तरी खरी राहते, आणि फलाटावर घड्याळ असतंच. मग ती कशी सांगायची: अठरा पन्नास, की सहा पन्नास? रोजच्या बोलण्यात अठरा वाजत नाहीत, म्हणून सहा. मात्र ‘पावणेसात’, ‘सव्वासहा’, ‘साडेसहा’ ही आपली सगळ्यात नैसर्गिक रूपं मुद्दाम टाळली. ‘पावणेसात’मधलं ‘पावणे’ बुडालं तर माणूस सातची गाडी समजून चहाच्या टपरीकडे वळतो. नैसर्गिक आणि सुरक्षित यांच्यात जिथे एकच निवडायची वेळ आली, ती जागा ही. ‘सहा वाजून पंचेचाळीस मिनिटे’ हे जरा पुस्तकी वाटतं, पण त्यात ‘सहा’ आधी येतो आणि पुढचं निसटलं तरी तास बरोबर राहतो.

शेवटी फलाटाचा आकडा. चार, पाच, सात, आठ या चारही शब्दांत स्वर एकच, ‘आ’. घुमणाऱ्या जागेत स्वर टिकतो आणि व्यंजनं पुसली जातात. मग उरतो नुसता ‘आ’. या स्टेशनावर सात-आठ नाहीत, पण चार आणि पाच आहेत. ते एकाच बेटावर असल्यामुळे गफलत झाली तरी माणूस योग्य बेटावर पोचतो, हे नशीब. तरीही आकडा दोनदा सांगायचा ठरला: एकदा वाक्यात आणि एकदा सगळ्यात शेवटी, सुटा. ऐकलेल्यातलं शेवटचं आठवणीत राहतं, तेव्हा शेवटी दिलगिरीऐवजी आकडा.

मजकूर असा तयार झाला:

> कृपया लक्ष द्या. फलाट बदलला आहे. पुण्याहून नागपूरला जाणारी एक्स्प्रेस, गाडी क्रमांक एक एक, नऊ नऊ आठ, फलाट क्रमांक चारवर येईल. गाडीची वेळ, सहा वाजून पन्नास मिनिटे. पुलावरून सावकाश जा. फलाट क्रमांक चार.

सावकाश वाचूनही हा सतरा-अठरा सेकंदांत संपतो. तिन्ही भाषा मिळून एक मिनिटाच्या आत.

रेकॉर्डिंगमध्ये तुकडे कुठे कापायचे हे बदललं. ‘हून’, ‘कडे’, ‘वर’ हे सुटे तुकडे रद्द केले. प्रत्येक स्टेशनचं नाव दोन पूर्ण रूपांत रेकॉर्ड केलं: पुण्याहून–पुण्याला, साताऱ्याहून–साताऱ्याला, हावड्याहून–हावड्याला, नागपूरहून–नागपूरला. यादी हातानं लिहून काढली, कारण नावापुढे ‘हून’ चिकटवण्याचा सरसकट नियम लावला की ‘पुणेहून’ पुन्हा हजर होतं. फलाटाचेही प्रत्येकी दोनच तुकडे: ‘फलाट क्रमांक चारवर येईल’ हा एक आणि ‘फलाट क्रमांक चार’ हा शेवटचा, आवाज खाली उतरवून म्हटलेला.

निवेदिकेला नावांची यादी वाचायला दिली नाही. यादी वाचताना आवाज यादीसारखाच येतो: प्रत्येक नाव एकाच चढात, शेवटचं उतारात. तिनं प्रत्येक नाव पूर्ण वाक्यात म्हटलं आणि मग ते वाक्यातून कापून घेतलं. याला वेळ तिप्पट लागतो. तो वाचवला की जोड ऐकू येतात.

वाजवताना सुरुवातीच्या घंटेनंतर एक सेकंद शांतता, प्रत्येक वाक्यानंतर साधारण अर्धा सेकंद, आणि मराठी संपून हिंदी सुरू होण्याआधी पुन्हा एक सेकंद. घंटेची घुमणी विरण्याआधी शब्द सुरू झाला तर ‘कृपया’ जातो. तो गेला तरी चालतो. खरं तर पहिले तीन शब्द तेवढ्यासाठीच आहेत. पण त्यामागोमाग ‘फलाट बदलला’ जायला नको.

चाचणी कार्यालयात घेतली नाही. मजकूर न पाहिलेल्या लोकांना दोन नंबरवर वेगवेगळ्या जागी उभं केलं, शेजारून गाडी जात असताना घोषणा वाजवली आणि तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: कोणती गाडी, कोणता फलाट, आता तुम्ही काय कराल. ‘आवाज कसा वाटला’ हा प्रश्न मुद्दाम विचारला नाही. तो विचारला की लोक आवाजाचं कौतुक करतात आणि फलाट चुकीचा लिहितात.

काय झालं

जुन्या मजकुराला बहुतेकांनी दोन्ही आकडे लिहिले होते आणि काहींनी त्यातल्या एकाला प्रश्नचिन्ह लावलं होतं. नव्या मजकुराला आकडा एकच आला. पुलाच्या जिन्यापासून सगळ्यात लांब, छत संपतं त्या टोकाला उभ्या असलेल्यांपैकी काहींनी चारच्या जागी पाच लिहिला. तो ‘आ’चा गोंधळ तिथे उरलाच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जवळपास सगळ्यांचं सारखं होतं: पुलावरून जाऊ.

वापर सुरू झाल्यावर एक चूक लवकरच उघडी पडली. एका संध्याकाळी गाडी दोनवरून तीनवर हलवली. दोन आणि तीन एकाच बेटावर, म्हणजे मागे वळून चार पावलं टाकली की पोचलो. घोषणा मात्र म्हणाली, ‘पुलावरून सावकाश जा.’ लोक पूल चढले, वर जाऊन बघितलं, परत उतरले. मजकूर दोन–चार हे एकच उदाहरण समोर ठेवून लिहिला गेला होता. त्यानंतर त्या वाक्याचे दोन पर्याय झाले: वेगळ्या बेटासाठी ‘पुलावरून सावकाश जा’ आणि त्याच बेटासाठी ‘याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला या’. कोणता वाजवायचा हे उद्घोषकावर न सोडता जुना आणि नवा फलाट भरला की यंत्रच ठरवेल अशी सोय केली. घोषणेत जुना आकडा बोलला जात नाही, पण भरावा मात्र लागतो, तो यासाठी.

दुसरी गोष्ट ‘सावकाश’ची. गाडी सिग्नलवर येऊन उभी असताना ‘सावकाश जा’ ऐकलं की लोक चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. ‘गाडी तुमच्यासाठी थांबेल’ असं म्हणावं, अशी मागणी आली. ती मान्य झाली नाही. किती वेळ थांबायचं हे उद्घोषकाच्या हातात नसतं, आणि उशिरा आलेली गाडी उलट कमीच थांबवली जाते. हाती नसलेलं वचन देण्यापेक्षा, गाडीला दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर तो तुकडा ‘पुलावरूनच जा’ असा वाजू लागला. त्या ‘च’मध्ये रुळांवर उतरू नका हे येतं, आणि खोटा दिलासाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हिंदी आणि इंग्रजी मजकूर मराठीनंतर, मराठीच्या सांगाड्यावर बेतले गेले. ते स्वतंत्रपणे लिहायला हवे होते. इंग्रजीत ‘च्या ऐवजी’चा अडथळा तसा नाही, कारण तिथे नवा आकडा आधी सांगून जुना नंतर सांगता येतो, हिंदीत मराठीसारखाच आहे. शिवाय मराठी आणि हिंदी आकडे जवळचे असल्यामुळे ‘पाच’ आणि ‘पाँच’ लागोपाठ कानावर पडतात. दोन भाषांची एकत्र चाचणी झाली असती तर हे आधीच दिसलं असतं. चाचणी फक्त मराठीची झाली.

आवाज पुन्हा कधी लागेल याचा विचारही सुरुवातीला झाला नव्हता. काही महिन्यांनी एक नवी गाडी सुरू झाली आणि तिच्या शेवटच्या स्टेशनचं नाव यादीत नव्हतं. निवेदिका उपलब्ध नव्हती. दुसऱ्या आवाजात, दुसऱ्या खोलीत ते नाव रेकॉर्ड करून मध्ये चिकटवलं. वाक्याच्या मधोमध एका शब्दापुरतं माणूस बदलल्यासारखं वाटतं आणि लक्ष नेमकं त्या शब्दावरून उडतं. पहिल्याच बैठकीत विभागातल्या सगळ्या शेवटच्या स्टेशनांची नावं दोन्ही रूपांत घेऊन ठेवणं, सध्या गाडी असो वा नसो, एका जास्तीच्या दुपारचं काम होतं.

आणि एक गोष्ट मजकुराच्या बाहेरची. फलाट बदलण्याचा निर्णय स्टेशन मास्तर घेतात, तो फोनवरून उद्घोषणा कक्षात येतो, मग पडद्यावर भरला जातो. फोन उचलायला उशीर झाला तर अठरा सेकंदांची घोषणाही गाडी पुलाखालून जात असताना वाजते. मजकूर आखताना हा फोन कधी येतो याची नोंद कुणीच ठेवली नव्हती. आता उद्घोषक नोंदवहीत दोन वेळा लिहितो, निरोप आला ती आणि घोषणा वाजली ती. त्या दोन रकान्यांकडे बघून पुढचं ठरवायचं आहे.